दहा टक्क्यांत अडकलेली फी

मार्च उजाडला की नवी मुंबईतला फीवर जगणारा माणूस, मग तो बेलापूरचा आर्किटेक्ट असो, नेरूळचा वकील असो की ऐरोलीच्या कंपन्यांना सल्ला देणारा इंजिनीअर, आपल्या मोठ्या ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला एक फोन करतो. "यंदा टीडीएस जरा कमी कापा ना. कमी कपातीचं सर्टिफिकेट तुमच्याकडून मिळेल का?" पलीकडून ठरलेले उत्तर येते, "सर, दहा टक्के कापावेच लागतात. आमच्या हातात काही नाही." फोन संपतो आणि वर्षभर प्रत्येक बिलातून दहा टक्के जात राहतात.

पलीकडचा माणूस खरे तेच सांगत असतो. चूक प्रश्नात आहे. कमी कपातीचे प्रमाणपत्र ग्राहक देत नाही, ते आयकर खात्याचा टीडीएस अधिकारी देतो. त्यासाठी अर्ज फी घेणाऱ्याने स्वतः करायचा असतो. ग्राहकाकडून मागायच्या गोष्टी दोनच: त्याचा टॅन, आणि येत्या वर्षात तो आपल्याला साधारण किती फी देईल याचा आकडा. हा साधा फरक माहीत नसल्याने अनेकांचे पैसे दरवर्षी सरकारकडे दीड-दीड वर्ष पडून राहतात. म्हणून या प्रश्नाचा आढावा मुळापासून घेतो.

व्यावसायिक फीवर उगमस्थानी करकपात १ जुलै १९९५ पासून सुरू झाली. आयकर कायद्यात १९४ जे हे कलम तेव्हा आले आणि दर होता पाच टक्के. १ जून २००७ पासून तो दहा टक्के झाला. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत लोकांच्या हाती पैसा राहावा म्हणून सरकारने १४ मेपासून मार्च २०२१ अखेरपर्यंत तो साडेसात टक्क्यांवर आणला. दहा टक्क्यांत व्यावसायिकाचे खेळते भांडवल अडकते, याची ही एका परीने कबुलीच होती. त्यानंतर दर पुन्हा दहावर गेला. वर्षाला किती रुपयांपर्यंत कपात करायची नाही ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून तीस हजारांवरून पन्नास हजार झाली, पण मोठ्या बिलांच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. तांत्रिक सेवांसाठी दोन टक्क्यांचा वेगळा दर १ एप्रिल २०२० पासून आहे. आपले काम 'व्यावसायिक' आहे की निव्वळ 'तांत्रिक', हे म्हणूनच आधी आपल्या सीएकडून तपासून घ्यावे. आर्किटेक्ट, इंजिनीअर, वकील, डॉक्टर आणि हिशेबनीस यांना मात्र ही पळवाट नाही. त्यांची फी दहा टक्क्यांतच येते.

दहा टक्के हा दर एकूण फीवर लागतो आणि कर लागतो तो नफ्यावर. सगळी अडचण या एका वाक्यात आहे. ज्याचा खर्च कमी त्याला हा दर जाचत नाही, ज्याचा खर्च जास्त त्याचा गळा तो आवळतो.

कलम ४४ एडीएखाली हिशेबाची वही न ठेवता निम्मी फी नफा धरणारे व्यावसायिक बघा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत अशा माणसाची फी ७५ लाख असेल तर नफा साडेसदतीस लाख धरला जातो आणि सेससह कर होतो ७,३३,२००. कापलेला टीडीएस साडेसात लाख. म्हणजे फरक फक्त १६,८०० रुपये, आणि एवढ्यासाठी प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आता त्याच प्रणालीत २४ लाख फी मिळवणारा माणूस घ्या. त्याचा नफा १२ लाख धरला जातो आणि दुसरे उत्पन्न नसेल तर २०२५-२६ पासूनच्या सवलतीमुळे त्याचा कर शून्य होतो. त्याच्या बिलांतून मात्र २,४०,००० रुपये कापले गेलेले असतात. एक पैसा कर न लागणाऱ्या माणसाचे हे पैसे आहेत. या प्रमाणपत्राची सगळ्यात जास्त गरज या छोट्या व्यावसायिकाला आहे, आणि नेमका तोच त्यासाठी अर्ज करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचे प्रमाण मोठे असणाऱ्या व्यावसायिकाचा हिशेब जरा तपशिलात मांडतो. बेलापूरमधला एक स्ट्रक्चरल इंजिनीअर उदाहरणासाठी घेऊ. त्याची वर्षाची फी जीएसटी वगळून ८० लाख. खारघरच्या एका बिल्डरकडून ३० लाख, ऐरोलीतल्या कंपनीकडून २० लाख, वाशीतल्या पुनर्विकासाच्या कामातून १५ लाख, पनवेलच्या एका कंपनीकडून १० लाख आणि किरकोळ कामांतून ५ लाख. वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात सध्या अशी कामे खूप आहेत, आणि त्यांत इंजिनीअरचा स्वतःचा खर्चही मोठा होतो. काँक्रीटच्या चाचण्या, इतर सल्लागारांची फी, ड्रॉइंग काढणाऱ्यांचे पगार, सॉफ्टवेअरची भाडी असे सगळे मिळून ६२ लाख जातात. उरतात १८ लाख. नव्या प्रणालीत १८ लाखांवरचा कर १,६०,००० आणि चार टक्के सेस धरून १,६६,४००. एकूण फीच्या तुलनेत हा कर साधारण दोन टक्के आहे. टीडीएस मात्र आठ लाख कापला गेला.

६,३३,६०० रुपये जास्तीचे गेले. ते परत मिळतात, पण कधी? ४४ एडीएखाली न येता फी ५० लाखांच्या वर गेल्याने त्याला हिशेबाचे ऑडिट करावे लागते, म्हणून विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६. रिफंड डिसेंबर २०२६ मध्ये आला असे धरू. एप्रिल २०२५ मध्ये कापलेले पैसे तेव्हा वीस महिन्यांचे जुने झालेले असतात. वर्षभरातल्या कपातींची सरासरी काढली तरी पैसे सुमारे पंधरा महिने अडकले. दरम्यान पगार द्यायला त्याने बारा टक्क्यांनी ओव्हरड्राफ्ट घेतला असेल तर व्याज झाले सुमारे ९५ हजार. सरकार रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज देते, पण ते मोजले जाते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून, ज्या वर्षात पैसे कापले त्या वर्षाचे काहीच नाही. नऊ महिन्यांचे ते व्याज सुमारे साडेअठ्ठावीस हजार, आणि त्यावरही कर. म्हणजे निव्वळ उशिराचा भुर्दंड साडेसहासष्ट हजारांच्या घरात जातो. छोट्या ऑफिसात हा एका माणसाचा दोन-तीन महिन्यांचा पगार आहे.

यावरचा उपाय आयकर कायदा १९६१ च्या कलम १९७ मध्ये होता आणि नव्या कायद्यात तो कायम आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यात कपातीची कलमे ३९३ मध्ये एकत्र आली आणि प्रमाणपत्राची तरतूद कलम ३९५ मध्ये गेली. फॉर्मांचे क्रमांकही बदलले. वाचकांच्या सवयीची म्हणून या लेखात मी जुनीच नावे वापरली आहेत, उदाहरणार्थ अर्जासाठी फॉर्म १३. आपल्या सीएच्या तोंडीही अजून तेच नाव असेल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण त्याने नुकसान होते. काही जण बँकेत देतात तसा १५ जी फॉर्म ग्राहकाला देऊन मोकळे होतात आणि ग्राहकाचा अकाउंटंटही तो फाइलला लावून कपात थांबवतो. १५ जी किंवा ज्येष्ठांसाठीचा १५ एच व्याज, भाडे, लाभांश अशा काही ठरावीक उत्पन्नांना चालतो. व्यावसायिक फी त्या यादीत नाही. असा फॉर्म घेऊन कपात न करणाऱ्या ग्राहकाला पुढे कपात न केल्याची नोटीस येते, महिन्याला एक टक्का व्याज लागते आणि त्या खर्चाचा तीस टक्के भाग त्याच्या करपात्र नफ्यात परत मिळवला जातो. त्यानंतर तुम्ही काय मागता ते तो ऐकून घेत नाही.

आता अर्जाचा मार्ग. फॉर्म १३ गाझियाबादच्या वैशालीतून चालणाऱ्या टीडीएस केंद्राच्या ट्रेसेस संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. पॅनने करदाता म्हणून नोंदणी केली की `Request for Form 13` हा पर्याय दिसतो. वाशी रेल्वे स्थानकाच्या व्यापारी संकुलात, टॉवर क्रमांक ६ मध्ये आयकर कार्यालय आहे, म्हणून अनेक नवी मुंबईकर अर्जाचे कागद घेऊन थेट तिकडे जातात. तिथे विवरणपत्रांची तपासणी होते. कमी कपातीचा अर्ज मात्र टीडीएसच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि कोणता अधिकारी ते तुमच्या पॅनवरून यंत्रणा ठरवते. ग्राहक मुंबईत आहे की बंगळुरात, याने फरक पडत नाही.

अर्जात अंदाजे उत्पन्न, अंदाजे कर, मागच्या चार वर्षांची विवरणपत्रे व त्यांवर भरलेला कर आणि चालू वर्षाचा अंदाजे नफा-तोटा लागतो. त्याखेरीज कपात करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा टॅन, त्याच्याकडून अपेक्षित रक्कम, आणि कोणते कलम व कोणता दर हवा हेही द्यायचे असते. नियम २८ एएप्रमाणे अधिकाऱ्याने पाहायचे चारच मुद्दे आहेत: यंदाच्या अंदाजे उत्पन्नावरचा कर, मागच्या चार वर्षांच्या उत्पन्नावरचा कर, कायद्याखालची आधीची थकबाकी, आणि यंदा आतापर्यंत भरलेला आगाऊ कर व कापला गेलेला टीडीएस. हे चार मुद्दे समोर ठेवून अर्ज लिहिला तर काम हलते. बहुतेक अर्जांत पहिला मुद्दा पानभर लिहिलेला असतो आणि बाकीच्या तिघांना एकेक ओळ मिळते. अधिकारी अडतो तो याच तिघांवर.

आपल्या बेलापूरच्या इंजिनीअरने मागच्या चार वर्षांत एकूण फीच्या वीस-बावीस टक्के नफा दाखवला असेल, तर यंदाचा साडेबावीस टक्क्यांचा अंदाज कुणालाही पटेल. पण मधल्या एखाद्या वर्षी तो चाळीस टक्के असेल तर अधिकारी हमखास विचारणार, की यंदा असे काय झाले? तेव्हा उत्तर तयार हवे: त्या वर्षी एका पूर्ण झालेल्या कामाचे अडकलेले पैसे एकदम आले, किंवा यंदा इतर सल्लागारांना द्यायची फी वाढली, आणि त्यांच्याशी झालेले करार सोबत जोडले आहेत. अंदाज हा शेवटी अंदाजच, पण त्याच्या मागे कागद असला पाहिजे.

थकबाकीचा मुद्दा तर बहुतेकांना माहीतच नसतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी मागणी, बहुधा टीडीएसचा मेळ न बसल्याने उठलेली, पोर्टलवर तशीच पडलेली असते. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि त्यानंतर २०१४-१५ पर्यंतच्या दहा हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने, एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत, माफ झाल्या. त्यांपेक्षा मोठ्या मागण्या उभ्याच आहेत. अर्जाआधी आयकर पोर्टलवर थकबाकीच्या पानात जाऊन बघावे. मागणी मान्य असेल तर भरून टाकावी, नसेल तर तिथेच कारण व पुरावा देऊन हरकत नोंदवावी आणि तिची प्रत अर्जाला जोडावी. तुम्ही स्वतः इतर सल्लागारांचा टीडीएस कापत असाल तर त्याची तिमाही विवरणपत्रे वेळेवर भरलेली असली पाहिजेत. आपण इतरांचा टीडीएस भरत नाही आणि स्वतःसाठी सवलत मागतो, हे अधिकाऱ्याच्या पहिल्याच नजरेत भरते.

ग्राहकाला पाठवायचे पत्र छोटे असू द्यावे. "आयकर कायद्यातील कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी मी अर्ज करत आहे. कृपया आपला टॅन आणि येत्या वर्षात मला देय होणारी अंदाजे फी, जीएसटी वगळून, कळवावी. ज्या कंपनीच्या नावाने माझी बिले घेतली जातील तिचाच टॅन हवा आहे. प्रमाणपत्र मिळेपर्यंत आपण नेहमीच्या दराने कपात करत राहावी." शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. कपात चुकवायला सांगितले जात नाही, हे वाचून अकाउंट्सचा माणूस निश्चिंत होतो आणि पत्राचे उत्तर येते.

टॅनचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण इथे चूक फार होते. बिल्डरच्या एका समूहाच्या चार-पाच कंपन्या असतात, प्रत्येक प्रकल्पाला वेगळी. करार एका कंपनीशी होतो, बिल दुसरीच्या नावाने मागवले जाते आणि पैसे तिसरीकडून येतात. प्रमाणपत्र मात्र एकाच टॅनला लागू असते. आपल्या इंजिनीअरने पनवेलच्या कंपनीऐवजी तिच्या मूळ कंपनीचा टॅन दिला, तर त्या दहा लाखांवर दहा टक्केच कापले जातील आणि प्रमाणपत्र हातात असून निरुपयोगी ठरेल. मागच्या वर्षीच्या २६ एएसमध्ये प्रत्येक कपातीसमोर टॅन छापलेला असतो. नव्या ग्राहकांचा मागून घ्यावा, जुन्यांचा तिथून ताडून पाहावा. ज्याचे ग्राहक शंभराहून अधिक आहेत आणि त्यांचे टॅन आधी सांगता येत नाहीत, त्याला अर्जदाराच्या नावानेच प्रमाणपत्र देण्याची सोय २०१८ पासून नियमात आहे, पण एकट्या व्यावसायिकाला ती क्वचितच लागते.

रकमेचेही तसेच. प्रमाणपत्रावर दर असतो आणि त्यासोबत रकमेची मर्यादाही असते. खारघरच्या बिल्डरसाठी तीस लाखांची मर्यादा मिळाली आणि काम पस्तीस लाखांवर गेले, तर वरच्या पाच लाखांवर नेहमीचे दहा टक्के कापले जातात. तेव्हा अंदाज फार कंजूषपणे देऊ नये, आणि काम वाढताना दिसले की मर्यादा संपण्याआधीच वाढीव रकमेसाठी पुन्हा अर्ज करावा. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तरीही काही ठिकाणी तो कापला जातो आणि प्रमाणपत्राची मर्यादा विनाकारण लवकर संपते.

वेळ हा यातला सगळ्यात कठोर मुद्दा. प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपासून पुढेच लागू होते, मागच्या तारखेपासून कधीच नाही. मंडळाने १७ मार्च १९९९ च्या परिपत्रक ७७४ मध्ये हे सांगितले आहे. वर्ष संपले की प्रमाणपत्रही संपते. कपात करायची वेळ म्हणजे पैसे दिल्याची किंवा ग्राहकाने आपल्या वहीत फी जमा दाखवल्याची, यांतली जी आधी येईल ती. एकदा कापून सरकारात भरलेला टीडीएस ग्राहक परत करू शकत नाही, तो विवरणपत्रातूनच मागावा लागतो.

आपल्या इंजिनीअरने एप्रिलच्या सुरुवातीलाच प्रमाणपत्र मिळवले आणि अधिकाऱ्याने हाताशी थोडे ठेवून अडीच टक्के दर दिला, तर वर्षभरात दोन लाख कापले जातील. आठ लाखांऐवजी दोन लाख, आणि परत मागायचे उरतील ३३,६००. पण त्याने मे महिन्यात अर्ज केला आणि प्रमाणपत्र २० जूनला हाती आले, तर तोवर सोळा लाखांच्या बिलांतून १,६०,००० कापले गेलेले असतील. त्याचा वर्षाचा कर आहे १,६६,४००. म्हणजे उरलेल्या चौसष्ट लाखांसाठी जवळपास शून्य दर मागायला आधार आहे, कारण आतापर्यंतचा टीडीएस हा नियमातलाच चौथा मुद्दा आहे. तो अर्जात लिहिला नाही तर अधिकारी पूर्ण वर्षाच्या हिशेबाचाच अडीच टक्के दर देतो आणि दीड लाखाहून जास्त पैसे पुन्हा अडकतात. मधल्या काळात कापलेल्या पैशांचा तक्ता, तारखांसह, म्हणूनच अर्जाला जोडायचा.

आयकर खात्याच्या नागरिक सनदेत अशा अर्जाचा निर्णय महिन्याभरात देण्याचे वचन आहे, आणि मंडळाने २०१४ मध्ये अधिकाऱ्यांना त्याची लेखी आठवणही करून दिली होती. प्रत्यक्षात वेळ जातो तो शंकांची उत्तरे देण्यात. शंका ऑनलाइनच येते, तिचा ईमेल अनेकदा नोंदणीच्या वेळी दिलेल्या जुन्या पत्त्यावर जातो आणि उत्तर न मिळाल्याने अर्ज निकालात निघतो. अर्ज केल्यावर दर दोन-तीन दिवसांनी ट्रेसेसवर त्याची स्थिती पाहावी.

प्रमाणपत्र निघाले की त्याची नोंद यंत्रणेत ग्राहकाच्या टॅनसमोर होते, पण ग्राहकाचा माणूस रोज तिकडे पाहत बसत नाही. प्रमाणपत्राची प्रत, त्याचा दहा अक्षरांचा क्रमांक, दर, मर्यादा आणि तारीख असे सगळे त्याला त्याच दिवशी कळवावे. मोठ्या कंपन्यांत पुरवठादाराच्या नोंदीत, ज्याला ते व्हेंडर मास्टर म्हणतात, दर बदलल्याशिवाय बिलाचा दर बदलत नाही, आणि ती नोंद बदलणारा विभाग बहुधा दुसऱ्याच शहरात असतो. पुढचे बिल देण्याआधी बदल झाल्याचे लेखी उत्तर मागावे. ग्राहकाला भीती असते ती पुढे कमी कपातीची नोटीस येईल याची. त्याने आपल्या तिमाही टीडीएस विवरणपत्रात तुमच्या नोंदीसमोर कमी कपातीचे कारण म्हणून 'ए' हे चिन्ह आणि प्रमाणपत्राचा क्रमांक भरला की ही नोटीस येत नाही. क्रमांक चुकला किंवा राहिला तर यंत्रणा दहा टक्क्यांचाच हिशेब धरून मागणी काढते, आणि पुढच्या वर्षी तो ग्राहक 'नको ती कटकट' म्हणतो. क्रमांक खरा आहे का, कोणत्या रकमेपर्यंत चालतो, हे त्याला ट्रेसेसवर स्वतः पडताळता येते.

कायदा या बाबतीत व्यावसायिकाच्या बाजूने आहे. प्रमाणपत्र दिले गेल्यावर, ते रद्द होईपर्यंत, कपात करणाऱ्याने त्यातल्याच दराने कापले पाहिजे, असे कलम १९७ च्या दुसऱ्या पोटकलमात बंधन होते. तेव्हा ग्राहकाकडे हे उपकार म्हणून मागू नये. नम्रपणे, पण हक्काने कळवावे.

अधिकाऱ्याने नाकारले तर काय? त्या निर्णयावर नेहमीचे अपील नाही. आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज किंवा थेट हायकोर्टात रिट, हे दोनच रस्ते आहेत आणि छोट्या माणसाला दोन्ही महाग. पण मोठ्यांच्या लढ्यांतून झालेला कायदा सगळ्यांच्या उपयोगी पडतो. तुर्भ्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कार्यालय असलेल्या टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) कंपनीचे प्रमाणपत्र अधिकाऱ्याने वर्षाच्या मध्येच रद्द केले होते. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश नैसर्गिक न्यायाची तत्त्वे न पाळल्यामुळे रद्द ठरवला. कारण न सांगता, बाजू ऐकून न घेता प्रमाणपत्र काढून घेता येत नाही, हे त्यातून पक्के झाले. आपल्या अर्जाला नुसते 'नामंजूर' असे उत्तर आले तर याच आधाराने लेखी कारणे मागावीत. कारण कळले की बहुतेक वेळा ते दुरुस्त करता येण्यासारखे असते: एखादी थकबाकी, न भरलेले टीडीएस विवरणपत्र, न जुळणारा अंदाज. मग नवा अर्ज करावा.

या प्रमाणपत्राची एक बाजू लोक विसरतात. त्याने कर कमी होत नाही, फक्त आधी कापला जाणारा पैसा आपल्या हाती राहतो आणि कर वेळेवर भरायची जबाबदारी आपल्यावर येते. आपल्या इंजिनीअरचा नफा अठरा लाखांऐवजी सव्वीस लाख झाला तर कर होतो ३,७४,४००. अडीच टक्क्यांनी कापले गेले दोन लाख. उरलेले १,७४,४०० त्याने आगाऊ कर म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखांना भरले पाहिजेत, नाहीतर त्यावर महिन्याला एक टक्का व्याज लागते. दहा टक्के कापले जात होते तेव्हा या तारखा त्याला कधी पाहाव्या लागल्या नव्हत्या. ज्याला दर तिमाहीला आपला नफा-तोटा पाहायची सवय नाही, त्याने ती आधी लावून घ्यावी आणि मग हा अर्ज करावा, असे मी स्पष्ट सांगेन.

फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या करदात्यांसाठी अधिकाऱ्याकडे अर्ज न करता, नियमांवर चालणाऱ्या स्वयंचलित पद्धतीने कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र देण्याची योजना जाहीर झाली. २४ लाखांच्या फीवर शून्य कर असलेल्या व्यावसायिकाला ती सगळ्यात उपयोगाची ठरेल. पण यंत्राला तरी माहिती लागतेच, आणि ती तीच आहे: वेळेवर भरलेली विवरणपत्रे, निकाली काढलेली थकबाकी आणि ग्राहकांचे अचूक टॅन.

तेव्हा यंदा मार्चमध्ये ग्राहकाला फोन करताना प्रमाणपत्र मागू नका. त्याचा टॅन आणि वर्षाचा अंदाज मागा, उत्तर लेखी घ्या, आणि पहिले बिल काढण्याआधी अर्ज दाखल करा.